डब्याला कुणी सांगितलं?

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आमच्या ऑफिससमोरच्या वडापावच्या गाडीवर मावशींचे दोन्ही हात गुंतलेले असतात. डावा हात बेसनाच्या पिठात बुडालेला, उजव्या हातात झारा. परवा मी सगळ्यांसाठी अकरा वडापाव आणि चार चहा घेतले. वडापाव वीसला, चहा बाराला, म्हणजे झाले दोनशे अडुसष्ट. काचेवर चिकटवलेला स्कॅनर फोनमध्ये धरला, रक्कम टाकली, पिन टाकला. फोनवर ते गोल चक्र अजून फिरतच होतं, हिरवी खूण उमटायची होती, तेवढ्यात पावाच्या लाद्यांशेजारचा डबा खणखणीत आवाजात बोलला, "दोनशे अडुसष्ट रुपये मिळाले." मावशींनी मान वर केली नाही. "बरं," म्हणाल्या आणि पुढचा घाणा तेलात सोडला.

पैसे माझे, फोन माझ्या हातात. पैसे गेल्याचं मला कळायच्या आधी ते त्या डब्याला कसं कळलं? आणि कुणी सांगितलं?

मी बऱ्याच जणांना हा प्रश्न विचारला. बहुतेकांना वाटतं की फोन आणि डबा जवळजवळ असतात, तेव्हा ब्लूटूथसारखं काहीतरी असेल. काहींना वाटतं स्कॅनर आणि डबा आतून जोडलेले असतात, म्हणून स्कॅन झालं की डबा बोलतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. माझ्या फोनचा आणि त्या डब्याचा कसलाही संबंध येत नाही, आणि या डब्याचा सगळा उपयोग त्यातच आहे. गिऱ्हाईक काय दाखवतंय, काय सांगतंय याच्याशी डब्याला देणंघेणं नाही. त्याची बातमी दुसऱ्या बाजूने येते.

आधी स्कॅनर पाहू. काचेवरचा तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे छापील कागद आहे. त्यात वीज नाही, यंत्र नाही. फोनच्या कॅमेऱ्याने तो वाचला की एवढीच एक ओळ मिळते (पत्ता मी नमुन्यादाखल लिहिला आहे):

```
upi://pay?pa=vadapav0421@bank&pn=Vadapav%20Gadi&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे कुठे पाठवायचे तो यूपीआय पत्ता, `pn` म्हणजे नाव, `cu` म्हणजे चलन, आपला रुपया. रक्कम यात नाही, म्हणून ती आपण टाकतो. मॉलमध्ये बिल झाल्यावर पडद्यावर जो क्यूआर कोड येतो त्यात रक्कम आणि बिलाचा क्रमांकही असतो, पण गाडीवरचा कागद वर्षभर तोच राहतो. आपण स्कॅन केल्याची त्या कागदाला गंधवार्ता नसते. दाराला लावलेल्या नावाच्या पाटीसारखा तो आहे. पाटी कुणी वाचली ते पाटीला कळत नाही.

पिन टाकल्यावर खरा प्रवास सुरू होतो. माझं ॲप ज्या बँकेच्या आधाराने चालतं तिच्याकडून मागणी राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे आपण सगळे ज्याला एनपीसीआय म्हणतो तिकडे जाते. यूपीआय २०१६ साली याच संस्थेने सुरू केलं. देशातल्या बँका एकमेकींशी थेट बोलत नाहीत, सगळ्यांचा बोलण्याचा चौक एनपीसीआय हा आहे. चौकात पहिली विचारणा होते ती त्या पत्त्याची. `@` या खुणेनंतरचा भाग पाहून हा पत्ता कुणाच्या ताब्यात आहे ते कळतं, आणि त्यांना विचारलं जातं की हा दुकानदार कोण, याचं खातं कुठलं. उत्तर आलं की एनपीसीआय माझ्या बँकेला सांगते, यांच्या खात्यातून दोनशे अडुसष्ट वजा करा. माझी बँक पिन तपासते, शिल्लक पाहते, वजा करते आणि 'केले' असं कळवते. मग दुसऱ्या बाजूच्या बँकेला निरोप जातो, एवढे जमा करा. तिथूनही 'केले' आलं की व्यवहार पुरा.

आता चौकातून बातमी दोन दिशांना निघते. एक माझ्या ॲपकडे, हिरवी खूण दाखवायला. दुसरी ज्यांच्या ताब्यात तो पत्ता आहे त्यांच्याकडे, म्हणजे मावशींना स्कॅनर आणि डबा देणाऱ्या कंपनीकडे. या दोन बातम्या वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात. माझ्या फोनचं नेटवर्क त्या दिवशी मंद होतं, म्हणून दुसरी बातमी आधी पोचली आणि खूण उमटायच्या आधी डबा बोलून गेला. उलटही होतं. खूण उमटते आणि डबा दोन-तीन सेकंदांनी बोलतो.

कंपनीच्या सर्व्हरकडे एक तक्ता असतो, कुठल्या पत्त्यापुढे कुठला डबा. प्रत्येक डब्याच्या पोटाशी त्याचा क्रमांक छापलेला असतो. डबा द्यायला आलेला माणूस फोनवर काहीतरी स्कॅन करत बसतो, तेव्हा तो हीच जोडणी करत असतो. सर्व्हर तक्ता पाहतो आणि त्या एका डब्याला चिमुकला निरोप पाठवतो. कंपनीनुसार तपशील बदलतो, पण साधारण असा:

```
{"txn":"512345678901","amt":"268.00","lang":"mr"}
```

व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, भाषा. बस. पैसे कुणी दिले, कुठल्या बँकेतून दिले, यातलं डब्याला काही लागत नाही.

हा निरोप डब्यापर्यंत जातो कसा, हा भाग मला सगळ्यात आवडतो. डबा उघडला तर आत एक सिमकार्ड सापडतं. जुन्या डब्यांत टूजीचं, नव्यांत बहुधा फोरजीचं. त्यावरून कुणाला फोन लावता येत नाही, ते फक्त यंत्राने यंत्राशी बोलण्यासाठी असतं. म्हणजे तो डबा हा खरं तर पडदा आणि बटणं काढून टाकलेला मोबाइलच आहे. सोबत एक बॅटरी, एक बऱ्यापैकी मोठ्या आवाजाचा स्पीकर आणि थोडी साठवण.

समजा डब्याने दर सेकंदाला सर्व्हरला विचारलं असतं, "आले का पैसे?" तर दिवसाला ८६,४०० प्रश्न झाले असते, आणि मावशींची गिऱ्हाइकं फार तर तीन-चारशे. बॅटरी दुपारपर्यंत संपली असती आणि लाखो डब्यांच्या प्रश्नांनीच सर्व्हर गुदमरला असता. आणि सर्व्हरनेही मनात आलं की डब्याला परस्पर गाठायचं म्हटलं, तर तेही जमत नाही. मोबाइल नेटवर्कवरच्या यंत्राला बाहेरून हाक मारता येईल असा कायमचा पत्ता सहसा नसतो. मग उपाय असा की सकाळी चालू झाल्या झाल्या डबाच सर्व्हरला फोन लावतो आणि दिवसभर ठेवतच नाही. रेषा उघडी ठेवून दोघंही गप्प बसतात. काही सांगायचं असेल तेव्हाच सर्व्हर बोलतो.

या पद्धतीचे नियम बहुतेक डब्यांत एमक्यूटीटी नावाचे असतात, आणि त्यांचा जन्म दुकानांसाठी झालेला नाही. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोन अभियंत्यांनी ते तेलाच्या पाइपलाइनींसाठी तयार केले. ओसाड मुलखातल्या पाइपलाइनींवरची यंत्रं उपग्रहामार्फत दाब आणि प्रवाह कळवत असत. उपग्रहाचा एकेक बाइट महाग आणि संपर्क केव्हाही तुटणारा. तेव्हा शब्द कमीत कमी हवेत आणि संपर्क तुटला तरी निरोप हरवता कामा नये, या दोन गरजांतून ते नियम आले. वाळवंटातल्या तेलवाहिनीची आणि टपरीवरच्या टूजी सिमची अडचण एकच निघाली. म्हणून तीच युक्ती वीस वर्षांनी आपल्या वडापावच्या गाडीवर आली.

उघडी रेषा अजून जिवंत आहे हे कळावं म्हणून डबा ठरावीक वेळाने एक हुंकार पाठवतो. गोष्ट ऐकताना पोरं 'हूं' म्हणतात ना, तसा. या हुंकाराला दोन बाइट लागतात, म्हणजे दोन अक्षरांएवढी जागा. ठरलेल्या अवधीच्या दीडपट वेळ हुंकार आला नाही तर सर्व्हर समजतो की समोरचा गेला. अवधी साठ सेकंदांचा असेल तर नव्वद सेकंदांनी. हे नव्वद सेकंद लक्षात ठेवा, त्यांची गोष्ट पुढे येणार आहे.

निरोप मिळाला, आता बोलायचं. पुष्कळ डब्यांत, निदान आधीच्या पिढीच्या डब्यांत, वाक्य तिथल्या तिथे तयार होत नाही. माणसाच्या आवाजात आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे डब्यात भरून ठेवलेले असतात आणि रक्कम पाहून ते मण्यांसारखे ओवले जातात. 'दोनशे', 'अडुसष्ट', 'रुपये', 'मिळाले'. नीट कान देऊन ऐकलंत तर सांधे ऐकू येतात. प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या सुरात असतो, आणि 'अडुसष्ट'नंतर एक श्वासाएवढी फट असते.

आणि इथे मराठी डब्याचं काम इंग्रजी डब्यापेक्षा अवघड होतं. इंग्रजीत एक ते वीस आणि पुढे तीस, चाळीस असे सात दशक म्हणजे सत्तावीस तुकड्यांत शंभराच्या आतला कुठलाही आकडा जुळतो. मराठीत एक ते नव्याण्णव हे नव्याण्णव वेगवेगळे शब्द आहेत. 'अडुसष्ट'मधून 'साठ' आणि 'आठ' वेगळे काढता येत नाहीत. सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, प्रत्येकात सात वेगळ्याच रूपात लपलेला. म्हणून नव्याण्णव तुकडे मुद्रित करावेच लागतात, शिवाय नुसत्या शंभरासाठी 'शंभर', पण एकशे एकसाठी 'एकशे', मग 'दोनशे' ते 'नऊशे', 'हजार', 'लाख', 'रुपये', 'पैसे'. शंभरावर दहा-पंधरा तुकडे होतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तो आठवत असेल. अभ्यासगटाच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की मराठीतले जोडाक्षरी संख्याशब्द लहान मुलांना जड जातात. माझ्या मनात ती चर्चा हा डबा ऐकताना नेहमी येते. 'साठ आठ' म्हटलं असतं तर डब्यालाही सत्तावीस तुकड्यांत भागलं असतं. पण मावशींना 'अडुसष्ट'च हवं, कारण त्या कानाने हिशोब करतात, आणि त्यांच्या कानात हा शब्द अख्खा बसलेला आहे. आधी त्यांचा डबा हिंदीत बोलायचा. 'उनसठ' आणि 'उनहत्तर' यांत गाडीवरच्या गलक्यात घोटाळा व्हायचा. मुलाने भाषा बदलून दिली. मराठीतही 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' जवळचेच आहेत, पण सवयीचा कान शेवट पकडतो.

हा डबा आला कशासाठी, ते गाडीवर अर्धा तास उभं राहिलं की कळतं. पेटीएमने २०१९ मध्ये तो भारतात आणला, फोनपेने २०२२ मध्ये, मग इतर आले. त्याआधीची पद्धत अशी की गिऱ्हाईक फोन पुढे करून म्हणायचं, "बघा, गेले." मावशींना हात पुसून चष्मा लावून ते पाहायला हवं. पाहिलं तरी काय पाहिलं? एक हिरवा पडदा. कालचा स्क्रीनशॉट आजही हिरवाच असतो. पुढे तर खऱ्या ॲपसारखीच दिसणारी खोटी ॲप निघाली. त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम टाकली की खूण, तारीख, वेळ, टणत्कार सगळं हुबेहूब येतं आणि पैसा एक जात नाही. बँकेचा एसएमएस हा खरा पुरावा होता, पण तो गर्दीच्या वेळी दहा मिनिटांनी यायचा, आणि तोही खातं मुलाच्या नावावर असल्यामुळे मुलाच्या फोनवर, जो त्या वेळी कॉलेजात असायचा.

गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर एक तरुण सहा वडापाव घेऊन हिरवा पडदा दाखवून निघाला. मावशींनी झारा कढईच्या काठावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "बोलला नाही." तो म्हणाला, "अहो गेलेत, हे बघा." त्या पुन्हा म्हणाल्या, "दादा, डबा बोलला नाही." दोन मिनिटं तो उभा राहिला, मग खिशातून नोटा काढल्या. त्याचा पडदा खोटा होता की त्याचा व्यवहार खरंच अडकला होता, मला माहीत नाही आणि त्याच्यावर मी आळ घेणार नाही. पण मावशींना त्याच्याशी वाद घालावा लागला नाही, त्याला चोर म्हणावं लागलं नाही. साक्षीदार तिसराच होता.

स्कॅनरवर दुसराच स्कॅनर चिकटवण्याची चोरीही डब्यामुळे उघडी पडते. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला रातोरात काही दुकानांच्या स्कॅनरांवर भलत्याच माणसाचे स्कॅनर चिकटवले गेले. अशा वेळी गिऱ्हाइकाचा पडदा अगदी खरा असतो. पैसे खरोखर गेलेले असतात, फक्त चुकीच्या घरी. दुकानदाराच्या बाजूने एकच खूण उरते, ती म्हणजे डब्याचं मौन. लागोपाठ दोन-तीन गिऱ्हाइकांचे पैसे जाऊन डबा गप्प असेल, तर आधी स्कॅनर नखाने खरवडून पाहावा आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर नाव कुणाचं आलं ते वाचावं.

कंपन्यांनी हे डबे घरोघर का पोचवले, त्याला पैशाचंही कारण आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांवर त्याच्याकडून कमिशन घेता येत नाही. स्कॅनर फुकट, व्यवहार फुकट. डब्याचं मात्र महिन्याला भाडं घेता येतं, साधारण शंभर-सव्वाशे रुपये. मावशींच्या हिशोबात ते महिन्याला सहा वडापाव झाले, आणि एक फसवणूक टळली की वसूल.

पण मौनाचा अर्थ नेहमी चोरी असा नसतो, आणि हे गिऱ्हाईक म्हणून आपल्याला नीट कळायला हवं. त्याची गोष्ट माझ्याच बाबतीत घडली. एका संध्याकाळी मी पैसे दिले, हिरवी खूण आली, डबा गप्प. मावशी माझ्याकडे पाहून हसल्या, ओळखीचा म्हणून. पण मागे रांग होती आणि मला शरम वाटली. मी व्यवहार उघडून बारा आकडी यूटीआर क्रमांक काढला. मावशींनी मुलाला फोन लावला. तो घरून म्हणाला, "आले आहेत, आई." मी निघालो, रस्ता ओलांडला, आणि पलीकडून ऐकलं, डबा माझीच रक्कम सांगत होता, जवळजवळ दोन मिनिटांनी.

झालं होतं ते असं. गाडीच्या बाजूला एक उंच कंटेनर येऊन उभा राहिला होता आणि टूजीचा सिग्नल तुटला. रेषा तुटली, पण तुटल्याचं सर्व्हरला कळायचं होतं. तेच ते नव्वद सेकंद. त्या वेळात सर्व्हरला वाटत होतं डबा ऐकतोय, आणि त्याने निरोप पाठवला. निरोप वाटेतच विरला. पोच आली नाही, म्हणून सर्व्हरने तो जपून ठेवला. कंटेनर हलला, डब्याने पुन्हा फोन लावला आणि साठलेला निरोप त्याच्या हाती पडला. तेलवाहिनीसाठी केलेली तरतूद इथे कामी आली. यातच एक अडचणही दडलेली असते. निरोप पोचला, पण त्याची पोच परत जाताना हरवली, तर सर्व्हर तोच निरोप पुन्हा पाठवतो. डबा तेच पैसे दोनदा बोलू नये म्हणून प्रत्येक निरोपात व्यवहाराचा क्रमांक असतो. क्रमांक आधीच बोलून झालेला असेल तर डब्याने गप्प बसायचं. आणि फार जुना निरोप, समजा डबा तासभर बंद होता तेव्हाचा, बोलून दाखवण्यात अर्थ नसतो. समोर उभ्या असलेल्या भलत्याच गिऱ्हाइकाचे पैसे आले असं वाटेल. म्हणून किती शिळा निरोप टाकून द्यायचा ते सर्व्हरच्या बाजूला ठरवावं लागतं. डबा हा हिशोबाची वही नाही, याचं हे एक कारण. न बोललेला व्यवहारही दुकानाच्या ॲपमध्ये असतोच.

मौनाची आणखी दोन साधी कारणं रोज घडतात. मावशींच्या काचेवर दोन कंपन्यांचे स्कॅनर आहेत आणि डबा एकाच कंपनीचा. दुसऱ्या स्कॅनरवर दिलेले पैसे खात्यात येतात, पण डब्याला ते कळणं शक्य नाही, कारण तो पत्ता त्याच्या कंपनीच्या तक्त्यात नाही. गिऱ्हाइकाचं ॲप कुठलं याने काही बिघडत नाही, स्कॅनर कुणाचा याने बिघडतं. तसंच, "नंबर सांगा, नंबरवर टाकतो," असं म्हणून मुलाच्या मोबाइल क्रमांकावर पाठवलेले पैसेही डबा बोलत नाही.

तिसरं कारण खऱ्या अडकण्याचं. माझ्या बँकेने वजा केले, पण पुढची बँक उत्तरच देईना. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआयच तासन्‌तास अडखळत होतं, त्या दिवशी असे प्रसंग देशभर आले. फोनवर तेव्हा हिरव्याऐवजी पिवळा पडदा येतो, 'प्रक्रिया सुरू आहे' अशा अर्थाचा. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवायची घाई करू नये, कारण पहिलेही नंतर पोचू शकतात. आधी व्यवहाराची स्थिती पाहावी. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि दुकानात पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत, आणि उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची. त्यासाठी ग्राहकाने तक्रारही करायची गरज नाही. तरीही यूटीआर जपून ठेवावा.

उलट बाजूही आहे. डबा बोलला म्हणजे पैसे मावशींच्या खात्यात त्याच क्षणी पडले असं दर वेळी नसतं. पुष्कळदा ते आधी कंपनीच्या देखरेखीखालच्या एका सामायिक खात्यात जमा होतात आणि दिवसभराची रक्कम एकत्र करून दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या खात्यात येते. म्हणून संध्याकाळभर डबा बोलत असतो आणि रात्री बँकेची शिल्लक तेवढीच दिसते. पहिल्या आठवड्यात मावशी याच गोष्टीने घाबरल्या होत्या. मुलाने त्यांना ॲपमधली 'उद्या येणार' ती ओळ दाखवली तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता त्यांनी स्वतःची रीत बसवली आहे. डबा बोलला तर मान वर करायची नाही. डबा गप्प राहिला तर गिऱ्हाइकाला आधी दुकानाचं नाव मोठ्याने वाचायला सांगायचं, मग यूटीआरचे शेवटचे चार आकडे. ते चार आकडे त्या फोनवर मुलाला सांगतात, तो ॲपमध्ये जुळवून पाहतो. तोवर वडापाव कागदात बांधून तयार असतात, पण काचेच्या आतल्या बाजूला. रात्री साडेनऊला गाडी झाकताना कढई, पातेली, पिशव्या सगळं आवरून झाल्यावर सगळ्यात शेवटी त्या डबा उचलतात, पदराने त्यावरचं तेल पुसतात आणि चार्जरला लावण्यासाठी घरी घेऊन जातात.